ऑफर स्वीकारून झाली, आता दुसरीकडून हवं ते काम आलंय. जुन्या सरांना कसं सांगू?

निशिगंध_पुणे (मंगळवार, रात्री 10:52)

नमस्कार मंडळी, मी इथे जास्त करून वाचतेच, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलंय थोडं पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी पुण्यात एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत 8 वर्षं व्हॅलिडेशन टेस्टिंग करतेय. दीड महिन्यापूर्वी माझ्या पहिल्या नोकरीतल्या सरांचा फोन आला, ते आता चाकणच्या एका कंपनीत टेस्टिंगचे हेड आहेत, म्हणाले माझ्याकडे लीडची जागा आहे, येतेस का. दोन इंटरव्ह्यू झाले, 15 लाखाची ऑफर आली, मी सही करून पाठवली आणि इथे राजीनामा टाकला. माझा नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे पण सरांना घाई होती म्हणून 15 दिवसांचा बायआउट त्यांची कंपनी भरणार असं ठरलं. जॉइनिंग 1 तारखेला, म्हणजे आजपासून 24 दिवस.

आणि काल दुसऱ्या एका कंपनीच्या एचआरचा फोन आला, तिथे मी चार महिन्यांपूर्वी इंटरव्ह्यू दिला होता आणि मग काहीच कळवलं नव्हतं म्हणून मी विसरूनही गेले होते. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमच्या फंक्शनल सेफ्टीचं काम आहे. त्याचं स्टँडर्ड ISO 26262 मी दोन वर्षं स्वतःच्या पैशाने शिकले, सर्टिफिकेट घेतलं, पण टेस्टिंगवाल्यांना त्या कामात कोणी घेत नाही आणि आता घेतायत. पगार 16.2 आहे, तो फरक माझ्यासाठी एवढा मोठा नाही, कामाचा आहे.

सर म्हणजे ज्यांनी मला पहिल्यांदा ऑसिलोस्कोप हातात दिला ते. अजूनही जुनी सगळी टीम गणपतीला त्यांच्याकडे आरतीला जाते. मला झोप नाहीये. नाही म्हणायचं तर कसं, कधी, आधी कोणाला?

---

भोसरीचा_वाघ (मंगळवार, रात्री 11:20)

ताई एवढं टेन्शन कशाला घेताय, ऑफर लेटर म्हणजे साधा कागद, त्याला कायद्यात काही किंमत नाही. अपॉइंटमेंट लेटर जॉइन झाल्यावर मिळतं, ते महत्त्वाचं. एचआरला दोन ओळींचा मेल टाका आणि फोन उचलू नका. कंपन्या कँडिडेटला आदल्या दिवशी ऑफर रद्द झाली म्हणून कळवतात तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही.

---

मीनल_पिंपळेसौदागर (मंगळवार, रात्री 11:41)

राजीनामा परत घ्यायचा असेल तर लगेच मॅनेजरशी बोल गं. माझ्या बहिणीने नोटीसमध्ये असताना काउंटर ऑफर घेतली आणि राहिली, पण सहा महिन्यांत तिला साइडला टाकलं, त्यामुळे मी तर म्हणेन आहे त्या कंपनीत राहू नकोस.

निशिगंध_पुणे (मंगळवार, रात्री 11:48)

मीनलताई, आताच्या कंपनीत राहायचा प्रश्नच नाहीये, तिथून निघतेच आहे. जिथे अजून जॉइनच झाले नाही तिथे नाही म्हणायचंय.

मीनल_पिंपळेसौदागर (मंगळवार, रात्री 11:50)

अगं हो, मी घाईत वाचलं. सॉरी.

---

भरतीवाली_मावशी (बुधवार, सकाळी 7:35)

22 वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये आहे, त्यातली बरीच भरतीत गेली. निशिगंध, तुझ्या पोस्टमध्ये एक गोष्ट कोणी धरली नाही. दुसऱ्या कंपनीचा *फोन* आलाय असं तू लिहिलंयस. लेटर आलंय का?

नसेल तर आज सरांना एक शब्द बोलू नकोस. फोनवर ठरलेली ऑफर मागे पडताना मी इतक्या वेळा पाहिलीय, कधी बजेटची सही अडकते, कधी वरचा साहेब म्हणतो आतलाच माणूस घेऊ, आणि त्यात कोणाचा वाईट हेतूही नसतो. मग तुझ्या हातात काहीच राहत नाही, कारण इथला राजीनामा गेलाय आणि चाकणला तू नाही म्हणून बसलीयस.

त्या एचआरला आज खरं ते सांग, की मी एका ठिकाणी होकार दिलाय, 1 तारखेला जॉइनिंग आहे, तुमचं काम मला जास्त हवंय पण लेखी हातात आल्याशिवाय मी तिकडे कळवू शकत नाही आणि त्यांना ताटकळतही ठेवायचं नाही, म्हणून शुक्रवारपर्यंत लेटर मिळेल का. यात लपवण्यासारखं काही नाही, खरी गरज असेल तर ते पळापळ करून काढतात. लेटर आलं की पगाराच्या आधी पद, डिपार्टमेंट, रिपोर्टिंग कोणाला आणि कामाचं ठिकाण वाच. तू ज्या कामासाठी हे सगळं करतेयस तेच काम कागदावर आहे ना, एवढं बघ.

आणि वाघसाहेब, कागदाला किंमत नाही हे अर्धंच खरं. ऑफरला लेखी होकार दिला की करार होतोच, 1872 चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट तेच म्हणतो. फक्त एखाद्याला नोकरी करच असा हुकूम कोर्ट देत नाही, आणि नुकसानभरपाई मागायची तर नुकसान दाखवावं लागतं, म्हणून जॉइन न झालेल्या इंजिनिअरच्या मागे सहसा कोणी लागत नाही. पण लेटरमध्ये जॉइनिंग बोनस आगाऊ दिला असेल, न आल्यास अमुक रक्कम भरा असं कलम असेल, तर ते वाचून घ्यायचं. निशिगंध, तुझ्यात तसं काही आहे का? आणि बायआउटचे पैसे कोणी भरले का अजून?

---

निशिगंध_पुणे (बुधवार, सकाळी 8:10)

मावशी खूप आभार. लेटर नाही आलेलं, "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाल्या. चाकणच्या लेटरमध्ये आत्ता पुन्हा वाचलं, जॉइनिंग बोनस नाही, न आल्यास भरपाई असं काही नाही, फक्त ठरल्या तारखेला न आल्यास ऑफर आपोआप रद्द एवढंच आहे. बायआउट माझ्या फुल अँड फायनलमधून कापणार आणि जॉइन झाल्यावर पावती दाखवली की ते देणार असं आहे. बेसिक 58 हजार आहे म्हणजे 15 दिवसांचे 29 हजार.

---

भरतीवाली_मावशी (बुधवार, सकाळी 8:31)

म्हणजे त्यांचा एक रुपयाही अजून गेलेला नाही, हे चांगलं झालं. नाहीतर पैसे परत करते हे फोनवर तूच आधी काढायला हवं होतं, त्यांनी मागायची वाट बघायची नसते. नवीन कंपनी पूर्ण 60 दिवस थांबत असेल तर इथल्या एचआरला सांगून शेवटची तारीख मूळची करून घे. हिशोब झालेला नसताना बदलतात. मग ते 29 हजार कापलेच जाणार नाहीत.

---

लघुउद्योजक_शिरवळ (बुधवार, दुपारी 1:15)

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, माझं 40 जणांचं युनिट आहे, आणि मला हे पटत नाही हे स्पष्ट सांगतो. शब्द दिला म्हणजे दिला. गेल्या वर्षी एका क्वालिटी इंजिनिअरने होकार दिला, मी दुसऱ्या दोघांना नकार कळवला, कस्टमरला सांगितलं की ऑडिटला आमचा नवीन माणूस असेल, आणि जॉइनिंगच्या दिवशी सकाळी फोन स्विच ऑफ. साडेनऊला गेटवर त्याचा पास करून ठेवलेला, सेफ्टी शूज त्याच्या मापाचे आणलेले. दुपारी मी घाबरलो की पोराचा रस्त्यात अपघात तर नाही झाला. आठवड्याने कळलं की साहेब दुसरीकडे रुजू झालेत.

मला राग तो आला नाही याचा नाही, 20 दिवस आधी माहीत असून सांगितलं नाही याचा आहे. 20 दिवस आधी कळलं असतं तर ते दोन नंबरचं पोरगं तेव्हा मोकळं होतं, आता तेही गेलं.

---

निशिगंध_पुणे (बुधवार, दुपारी 2:02)

काका, तुमचं वाचून पोटात गोळा आला. म्हणूनच मला वाटतंय की आजच सांगून टाकावं, लेटर येवो न येवो.

---

भरतीवाली_मावशी (बुधवार, संध्याकाळी 6:50)

नको. शिरवळच्या भाऊंचं दुखणं खरं आहे पण त्यातून आजच सांग असं निघत नाही. लेटर हातात आणि तपासून झालं की त्याच दिवशी सांगायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. आज सांगितलंस आणि लेटर फिसकटलं तर पुन्हा सरांकडेच जाऊन म्हणणार का की येते मी? त्याने संबंध जास्त बिघडतो.

सांगायचं कसं ते लिहिते. पहिला फोन सरांना, एचआरला नाही. सर जर एचआरच्या मेलमधून ऐकतील की निशिगंध येत नाही, तर ते त्यांना कायम लागेल. फोन करायच्या आधी मेसेज टाक की आज 10 मिनिटं निवांत बोलायचंय, कधी करू. म्हणजे ते गाडी चालवताना किंवा लाइनवर उभे असताना हे कानावर पडायचं नाही. मग पहिल्याच वाक्यात सांग. तब्येत कशी आहे, पाऊस कसा आहे, आणि सातव्या मिनिटाला सर एक सांगायचं होतं, असं करू नकोस, माणसाला आधीची सहा मिनिटं खोटी वाटायला लागतात.

फोन ठेवला की तासाभरात एचआरला मेल, सरांना सीसीत. मेल महत्त्वाचा का, तर आमच्याकडे सिस्टीममध्ये नोंद होते. वेळेत लेखी कळवलं तर कँडिडेटने ऑफर नाकारली अशी नोंद जाते, न सांगता आला नाही तर नो शो. पहिल्या नोंदीचा माणूस मी स्वतः दोन वर्षांनी पुन्हा बोलावून घेतलाय. दुसऱ्याचा बायोडेटा उघडतसुद्धा नाही.

आणि त्या मेलमध्ये एक ओळ टाक, की माझं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन थांबवा. हे सगळे विसरतात. नाहीतर त्यांची एजन्सी महिनाभराने तुझ्या आताच्या कंपनीला फोन करते आणि त्याच वेळी दुसऱ्या कंपनीची एजन्सीही करते, मग तिथल्या एचआरला कळत नाही की ही नक्की कुठे चाललीय.

---

कन्सल्टंट_नगररोड (बुधवार, रात्री 9:05)

यात कन्सल्टंट नाहीये म्हणून, नाहीतर तो तिसरा माणूस असतो ज्याला लोक विसरतात. आमचं बिल साधारण वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के म्हणजे एक महिन्याचा पगार, आणि ते माणूस जॉइन झाल्यावरच निघतं. म्हणून कँडिडेट नाही म्हणाला की आमच्यातले काही जण दबाव टाकतात, ब्लॅकलिस्ट होशील वगैरे. धमकीला घाबरू नका, पण आम्हालाही कंपनीच्या आधी नाही तर निदान त्याच दिवशी सांगा. क्लायंटचा फोन आल्यावर आम्हाला कळतं तेव्हा आमची लाज जाते.

---

अथर्व_फायनलइयर (बुधवार, रात्री 10:30)

मला पण हाच प्रॉब्लेम आहे, कॅम्पसमधून एक ऑफर घेतलीय आणि ऑफ कॅम्पस दुसरी आलीय, मी पण असाच सरळ मेल टाकू का?

भरतीवाली_मावशी (बुधवार, रात्री 10:44)

अथर्व, तुझं वेगळं आहे रे. तू कंपनीला एकटा होकार दिलेला नाहीस, कॉलेजने तुझ्या वतीने दिलाय, आणि बऱ्याच कॉलेजांत एक मुलगा एक ऑफर असा नियम असतो. आधी प्लेसमेंट ऑफिसरला जाऊन भेट. थेट मेल टाकलास तर पुढच्या वर्षी ती कंपनी तुमच्या कॉलेजला न येण्याची भीती असते, आणि ते तुझ्या ज्युनिअर्सना भोगावं लागतं.

---

भोसरीचा_वाघ (गुरुवार, सकाळी 9:12)

मावशी करारावरचं मान्य, मला तसं माहीत नव्हतं. पण कारण काय सांगायचं? मी तर म्हणेन घरचं कारण सांगा, आईची तब्येत, बाहेरगावी जावं लागतंय. कोणी वाद घालत नाही.

लघुउद्योजक_शिरवळ (गुरुवार, सकाळी 10:03)

अजिबात नको. पुण्यातलं ऑटोचं जग केवढं आहे? चाकण, रांजणगाव, तळेगाव, सगळे एकमेकांचे सप्लायर. तीन महिन्यांनी लिंक्डइनवर नवीन कंपनी दिसणारच आहे. त्या दिवशी सर काय म्हणतील, आईच्या तब्येतीवर खोटं बोलली. गेलेलं कँडिडेट मी विसरतो, खोटं विसरत नाही.

कन्सल्टंट_नगररोड (गुरुवार, सकाळी 10:20)

खरं सांगा पण कंपनीचं नाव सांगायची गरज नाही. जॉइन होईपर्यंत नाव कोणालाच सांगू नये असं माझं मत. चुकून दोन्हीकडचे साहेब मित्र निघाले तर नको ते बोलणं होतं.

लघुउद्योजक_शिरवळ (गुरुवार, सकाळी 10:26)

एचआरला नाही सांगितलं तर चालेल. गुरूच्या जागी असलेल्या माणसाने विचारलं आणि नाव लपवलं, तर मग कसला संबंध टिकवताय?

---

निशिगंध_पुणे (शुक्रवार, रात्री 8:15)

लेटर आलं. मावशी, तुमचं ऐकलं नसतं तर आज मी रडत बसले असते. पगार बरोबर, ठिकाण बरोबर, आणि पद लिहिलंय सीनियर इंजिनिअर, व्हॅलिडेशन. रिपोर्टिंगला टेस्ट लॅबचा मॅनेजर. फंक्शनल सेफ्टी हा शब्द कुठेच नाही. लगेच फोन केला तर एचआर म्हणाल्या की अहो ते टेम्पलेट आहे, काम तेच मिळेल, तुम्ही सही करून टाका, सोमवारी बघू.

भरतीवाली_मावशी (शुक्रवार, रात्री 8:40)

सही करू नकोस. टेम्पलेट असेलही, खोटं बोलत असतील असं म्हणत नाही, पण मग बदलायला दहा मिनिटं लागतात. ज्या मॅनेजरने इंटरव्ह्यू घेतला त्यालाच मेल टाक, एचआर सीसीत, की आपलं बोलणं अमुक पदाचं झालं होतं, लेटरमध्ये हे आहे, दुरुस्त करून मिळालं की त्याच दिवशी होकार देते. दुरुस्त नाही झालं तर तू चाकणला जातेस, आणि तिथे कोणाला काही कळलेलंच नाही.

---

निशिगंध_पुणे (मंगळवार, रात्री 9:30)

सगळ्यांना सांगते काय झालं ते.

सोमवारी संध्याकाळी सहाला दुरुस्त लेटर आलं, पद फंक्शनल सेफ्टी इंजिनिअर, रिपोर्टिंग सेफ्टी मॅनेजरला, आणि पूर्ण नोटीस संपवून यायला त्यांची हरकत नाही. रात्रीच सही केली. सरांना तेव्हाच मेसेज टाकला, त्यांनी लिहिलं उद्या जेवणाच्या सुट्टीत कर. आज 12:40 ला त्यांचाच फोन आला, मागे कँटीनचा आवाज होता, ताटं वाजत होती.

मी लिहून ठेवलं होतं तेच बोलले. "सर, मी तुमच्याकडे जॉइन होऊ शकत नाहीये. मला फंक्शनल सेफ्टीचं काम मिळालंय आणि मी ते स्वीकारलंय. लेटर काल संध्याकाळी हातात आलं म्हणून आज सांगतेय. तुम्हाला शब्द दिला होता आणि तो मी मोडतेय, याचं मला खूप वाईट वाटतंय."

सर काहीच बोलले नाहीत. बराच वेळ फक्त ताटांचा आवाज. मग म्हणाले, "थांब, बाहेर येतो." बाहेर येऊन पहिला प्रश्न, "पैशाचं आहे का? अठरापर्यंत मी साहेबांशी बोलू शकतो." मी म्हटलं सर पैशाचं असतं तर मी आधी तुमच्याशीच बोलले असते. तुमच्याकडे सेफ्टीचं काम आहे का? म्हणाले, "नाही. दोन वर्षं तरी नाही." मग स्वतःच म्हणाले, "जा मग."

कंपनी कुठली ते विचारलं. मी सांगितलं. कन्सल्टंटदादा, तुमचं पटत होतं पण ते विचारत असताना माझ्या तोंडून नाही म्हणणं निघालंच नाही.

काका, तुमच्यासाठी एक. सर म्हणाले, "दोन नंबरच्या मुलाला आम्ही अजून नकार कळवलेला नाही, 1 तारखेपर्यंत होल्डवर ठेवतो आम्ही. एचआरला आत्ताच्या आत्ता मेल टाक, म्हणजे मला दुपारीच त्याला फोन करता येईल." दीड वाजता टाकला. मेल इंग्रजीतच होता, मजकूर एवढाच, की अमुक पदाची ऑफर मी अमुक तारखेला स्वीकारली होती, ती मी आजपासून मागे घेतेय, दुसरं काम माझ्या पुढच्या दिशेला जास्त जुळतं म्हणून, सरांशी बोलणं झालंय, माझं व्हेरिफिकेशन थांबवावं, बायआउटपोटी तुमच्याकडून मी काही घेतलेलं नाही आणि मागणारही नाही, तुम्हाला पुन्हा शोधावं लागेल त्याबद्दल मनापासून माफी.

एचआरचं उत्तर एका ओळीचं आलं, नोंद घेतली. थोडं लागलं.

इथल्या कंपनीने शेवटची तारीख मूळची करून दिली, 29 हजार वाचले.

---

भरतीवाली_मावशी (मंगळवार, रात्री 9:52)

एका ओळीचं लावून घेऊ नकोस, त्या मुलीला आज वरच्यांना उत्तर द्यावं लागलं असेल. तिला उलट आणखी स्पष्टीकरणाचे मेल पाठवू नकोस. सरांना मात्र जमत असेल तर उपयोगी पडेल असं काहीतरी दे. तुझ्या ओळखीत लीडच्या जागेसाठी कोणी असेल तर नाव सुचव, आधी त्या माणसाला विचारून. दोन नंबरचा मुलगाही नाही म्हणू शकतो.

लघुउद्योजक_शिरवळ (मंगळवार, रात्री 10:15)

17 दिवस आधी आणि तोंडाने सांगितलंस. शब्द मोडलास हे माझ्या मते राहतंच, पण माझ्याकडे पुन्हा अर्ज केलास तर मी भेटेन.

---

निशिगंध_पुणे (रविवार, सकाळी 11:05)

दोन नंबरच्या मुलाने वेळ मागितलाय, त्याचंही दुसरीकडे चाललंय म्हणे. माझ्याबरोबर शिकलेल्या एकीला विचारलं, तिला चाकण चालतंय, तिचा बायोडेटा काल सरांना पाठवला. त्यांनी फक्त "बघतो" लिहिलं. एरवी ते माझ्या प्रत्येक मेसेजला फोन करतात.

गणपतीच्या आरतीचा मेसेज त्यांनी ग्रुपवर टाकलाय, सगळ्यांना म्हणून. मला वेगळा नाही आला, दरवर्षी यायचा, मोदकांचं सारण माझ्याकडे असतं म्हणून. जाऊ का?

मीनल_पिंपळेसौदागर (रविवार, सकाळी 11:20)

जा गं. सारण घेऊनच जा.

कन्सल्टंट_नगररोड (रविवार, सकाळी 11:34)

या वर्षी जागा भरेपर्यंत थांबा असं मी म्हणेन. तिथे त्यांच्या आताच्या टीमची माणसं पण असतील ना?

निशिगंध_पुणे (रविवार, सकाळी 11:41)

असतील. हा विचारच केला नव्हता. आधी सरांना एकट्यांना फोन करून विचारते.